स्पॅनिशमध्ये पावणेदहा कसे वाजतात?

‘ला रेउन्योन एस एल ह्वेबेस, दोस दे हूल्यो, आ लास द्येस मेनोस क्वार्तो.’

माद्रिदच्या एखाद्या कार्यालयातून फोनवर हे वाक्य आले, तर ते संपायला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्यात ऐकणाऱ्याला वार, तारीख, महिना आणि वेळ अशा चार गोष्टी टिपून घ्याव्या लागतात. अर्थ आहे : ‘बैठक गुरुवारी, २ जुलैला, पावणेदहा वाजता आहे.’ यातली एक जरी गोष्ट चुकली, तरी एक जण पडद्यासमोर ताटकळत बसतो आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

चाकणच्या परिसरात स्पॅनिश मालकीचे वाहनभागांचे कारखाने आहेत. पुण्या-मुंबईतून शिक्षणासाठी स्पेनला जाणारी मुले आहेत. तिथे डॉक्टरकडे जायचे असो की निवासाच्या कागदपत्रांसाठी सरकारी कचेरीत, आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. अशा ठरवलेल्या भेटीला तिथे ‘सीता’ म्हणतात, कामाच्या बैठकीला ‘रेउन्योन’. यातली बरीच मंडळी शाळेत शिकलेल्या इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिश वेळेपर्यंत पोहोचायला बघतात. तो वळसा घ्यायची गरज नाही. वेळ सांगण्याच्या बाबतीत मराठी आणि स्पॅनिश इतक्या जवळ आहेत की मराठी माणसाने थेट मराठीतूनच स्पॅनिशकडे जावे. खऱ्या अडचणी वेगळ्याच जागी आहेत आणि त्या जागा आधी ठाऊक असल्या की फोन ठेवताना मनात शंका राहत नाही.

उच्चारांबद्दल थोडेसे आधीच सांगतो. स्पॅनिशमधले त आणि द हे आपल्या त-दसारखे दातांना जीभ लावून म्हणायचे असतात, इंग्रजीतल्या ट-डसारखे नव्हे. ‘ह्वेबेस’ आणि ‘हूल्यो’ यांतला ह घशातून येतो, थोडा ख कडे झुकलेला. ‘द्येस’, ‘दोसे’, ‘मार्सो’ अशा शब्दांत मी स लिहिला आहे. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना या देशांत तो साधा स असतो. माद्रिदमध्ये मात्र अशा काही शब्दांत जिभेचे टोक दातांच्या मध्ये येते आणि थ सारखा मऊ आवाज ऐकू येतो. तिथल्या माणसाने ‘दोथे’ म्हटले तर तो ‘दोसे’च, म्हणजे बारा.

एक वाजला, दोन वाजले

स्पॅनिशमध्ये किती वाजले हे ‘के ओरा एस?’ असे विचारतात. उत्तर एक वाजल्याचे असेल तर ‘एस ला ऊना’, दोन किंवा त्याहून अधिक असेल तर ‘सोन लास दोस’, ‘सोन लास त्रेस’. एकाला एकवचन आणि पुढच्या सगळ्यांना अनेकवचन. इंग्रजी बोलणाऱ्याला हे घोकावे लागते, कारण त्याच्या भाषेत तसा फरकच नाही. आपण मात्र ‘एक वाजला’ आणि ‘दोन वाजले’ असेच म्हणत आलो आहोत. ‘दोन वाजला’ हे मराठी कानाला जितके खटकते, तितकेच ‘एस लास दोस’ हे माद्रिदच्या कानाला.

हे साम्य पुढेही टिकते. सव्वा वाजला, दीड वाजला, पाऊण वाजला, हे तिन्ही आपण एकवचनात म्हणतो. स्पॅनिशमध्येही ‘एस ला ऊना ई क्वार्तो’, ‘एस ला ऊना ई मेद्या’ आणि ‘एस ला ऊना मेनोस क्वार्तो’ असे एकवचनच येते. ‘क्वार्तो’ म्हणजे पाव, ‘मेद्या’ म्हणजे अर्धा, ‘ई’ म्हणजे आणि, ‘मेनोस’ म्हणजे उणे. त्यामुळे सव्वातीन म्हणजे ‘त्रेस ई क्वार्तो’, साडेतीन म्हणजे ‘त्रेस ई मेद्या’ आणि पावणेचार म्हणजे ‘क्वात्रो मेनोस क्वार्तो’. आपल्या दीड आणि अडीच या वेगळ्या शब्दांसारखे वेगळे शब्द तिथे नाहीत, ती एक सोयच. दीड म्हणजे एक आणि अर्धा, अडीच म्हणजे दोन आणि अर्धा, ‘दोस ई मेद्या’.

पाच-दहा मिनिटांचा हिशेबही आपल्या ओळखीचा आहे. साडेपर्यंतची मिनिटे आधीच्या तासात मिळवायची : तीन वाजून दहा मिनिटे म्हणजे ‘त्रेस ई द्येस’. साडे उलटून गेले की पुढच्या तासातून वजा करायची : चारला दहा कमी म्हणजे ‘क्वात्रो मेनोस द्येस’. फरक इतकाच की आपण तीन पस्तीसला ‘तीन पस्तीस’ म्हणून मोकळे होतो, तर स्पेनमधला माणूस बोलताना सहज ‘क्वात्रो मेनोस बेइन्तिसिंको’, म्हणजे चारला पंचवीस कमी असे म्हणतो.

‘वाजले’ आणि ‘वाजता’ यांतला फरकही स्पॅनिश पाळते. आत्ता किती वाजले हे सांगताना ‘सोन लास त्रेस’. एखादी गोष्ट किती वाजता आहे हे सांगताना ‘आ लास त्रेस’. भेटीगाठी ठरवताना कामाला येतो तो ‘आ’. ‘आ के ओरा?’ म्हणजे ‘किती वाजता?’ आणि ‘आ ला ऊना’ म्हणजे ‘एक वाजता’. एखाद्या नवख्याने ‘बैठक सोन लास त्रेस’ असे म्हटले, तर ऐकणारा घोटाळ्यात पडतो : बैठक तीनला आहे, की आत्ताच तीन वाजलेत?

घात ‘मेनोस’मध्ये आहे

मराठीत पावणेदहा म्हणताना ‘पावणे’ आधी येते. दहा हा आकडा कानावर पडण्याआधीच मनाने वजाबाकीची तयारी केलेली असते. स्पॅनिशमध्ये क्रम उलटा आहे. ‘आ लास द्येस मेनोस क्वार्तो’मध्ये आधी दहा येतात आणि मग पंधरा मिनिटे मागे घेतली जातात. घाईत असलेला माणूस ‘द्येस’ ऐकताच वहीत १० लिहून टाकतो, शेपूट ऐकतच नाही. तोवर बोलणारा तारखेकडे वळलेला असतो.

याहून वाईट म्हणजे फोनच्या खराब लाइनवर ‘मेनोस’ अर्धवट ऐकू येते आणि ‘द्येस... क्वार्तो’ एवढेच उरते. मग ऐकणारा पोकळी आपल्या मनाने भरतो आणि सव्वादहा लिहितो. पावणेदहा आणि सव्वादहा यांत अर्ध्या तासाचा फरक असतो. इतकी मोठी चूक असूनही ऐकताना खटकण्यासारखे काहीच नसते, कारण दोन्ही वेळा तितक्याच शक्य वाटतात. ओळखण्याची एक खूण आहे. ‘ई’ हा आवाज इतका लहान असतो की तो आधीच्या आकड्याला चिकटूनच येतो. ‘मेनोस’ दोन अक्षरांचा आहे आणि त्याला वेळ लागतो. आकडा आणि ‘क्वार्तो’ यांच्यामध्ये मोठी फट जाणवली, तर ती वजाबाकी असण्याची शक्यता जास्त.

पण अंदाजावर बैठक ठेवू नये. खात्रीचा उपाय म्हणजे तीच वेळ आकड्यांत परत म्हणून विचारणे : ‘आ लास न्वेबे क्वारेन्ता ई सिंको?’ म्हणजे ‘नऊ पंचेचाळीसला?’ यात वजाबाकी नसते आणि सव्वादहाशी घोटाळाही होऊ शकत नाही. रेल्वे आणि विमानांच्या घोषणांत वेळ अशी सलग आकड्यांतच सांगतात, तीही चोवीस तासांच्या पद्धतीने, म्हणून ही रीत तिथे कोणालाही परकी वाटत नाही. ईमेलमध्ये १६:३० असे लिहिणारा माणूस फोनवर मात्र ‘क्वात्रो ई मेद्या दे ला तार्दे’ म्हणतो, दुपारी साडेचार. लिहिलेली आणि बोललेली वेळ वेगळी दिसली तरी गोंधळून जाऊ नये.

सकाळ कुठे संपते

‘दे ला तार्दे’मधली ‘तार्दे’ ही मराठी माणसाला थोडी समजून घ्यावी लागते. आपल्याकडे दुपार, संध्याकाळ, रात्र असे तीन तुकडे आहेत. स्पॅनिशमध्ये संध्याकाळीसाठी वेगळा रोजचा शब्द नाही. जेवणानंतर ‘तार्दे’ सुरू होते आणि अंधार पडेपर्यंत चालते, मग ‘नोचे’, म्हणजे रात्र. मध्यरात्रीनंतरचा आणि पहाटेचा काळ म्हणजे ‘मादरुगादा’.

स्पेनमध्ये ही सीमा आणखी पुढे सरकते, कारण तिथले दुपारचे जेवण दोन-अडीचच्या सुमारास असते. जेवण झाले नाही तोवर सकाळ संपलेली नसते. दुपारी एक वाजताही लोक एकमेकांना ‘ब्वेनोस दियास’ म्हणतात, सकाळचेच अभिवादन. त्यामुळे एखाद्याने ‘आ ऊल्तिमा ओरा दे ला मान्याना’ भेटू असे म्हटले, म्हणजे सकाळच्या शेवटच्या टप्प्यात, तर त्याच्या मनात साडेअकरा नसतात, एक-दीड असतो. ‘देस्प्वेस दे कोमेर’, जेवणानंतर, म्हणजे साधारण चार. दुसऱ्या टोकालाही असेच आहे. जूनमध्ये माद्रिदला सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, म्हणून उन्हाळ्यात रात्रीचे आठ हे तिथे ‘ओचो दे ला तार्दे’ असू शकतात. माद्रिद ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे, तरी १९४० पासून तिथली घड्याळे मध्य युरोपच्या वेळेवर चालतात. सूर्यापेक्षा घड्याळ पुढे आहे ते त्यामुळे.

‘मान्याना’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, उद्या आणि सकाळ, आणि भेट ठरवताना दोन्ही लागतात. ओळखायचे सोपे आहे. आधी ‘ला’ असेल तर सकाळ, एकटाच आला तर उद्या. ‘मान्याना पोर ला मान्याना’ म्हणजे उद्या सकाळी. परवाला ‘पासादो मान्याना’. आणखी एक लहान नियम पाठ ठेवण्यासारखा आहे. आकड्यासोबत प्रहर सांगताना ‘दे’ येतो, ‘आ लास क्वात्रो दे ला तार्दे’. आकडा नसेल तर स्पेनमध्ये ‘पोर’, ‘पोर ला तार्दे’. लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागात त्या ‘पोर’च्या जागी ‘एन’ ऐकू येतो.

वार ओळखीचे, फक्त दोन वेगळे

वारांची नावे मराठी माणसाने पाठ करायचीही फारशी गरज नाही. लूनेस हा चंद्राचा, मार्तेस मंगळाचा, म्येर्कोलेस बुधाचा, ह्वेबेस गुरूचा आणि ब्येर्नेस शुक्राचा. सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, हा क्रम तोच आहे, कारण ग्रहांच्या नावांनी वार मोजण्याची पद्धत प्राचीन काळात एकाच उगमातून दोन्हीकडे पसरली. शनिवार आणि रविवार तेवढे वेगळे. तिथे धर्माने ग्रहांची जागा घेतली. साबादो हा ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसावरून आला आणि दोमिंगो म्हणजे प्रभूचा वार. गोव्यात पोर्तुगीज येणारी जुनी माणसे भेटतात, त्यांनी इथे सावध राहावे. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी शेजारीण असूनही ती सोमवार ते शुक्रवार हे दिवस ग्रहांनी नव्हे तर क्रमांकांनी मोजते.

‘गुरुवारी’ म्हणायला आपल्याला प्रत्यय लागतो, म्हणून मराठी माणूस स्पॅनिशमध्येही ‘एन’ जोडायला जातो. तो नको. नुसता ‘एल ह्वेबेस’ म्हणजेच गुरुवारी. महिन्याला मात्र ‘एन’ हवा : ‘एन हूल्यो’, जुलैमध्ये. आणि ‘एल’च्या जागी ‘लोस’ ऐकू आला तर कान टवकारावेत. ‘एल ह्वेबेस’ म्हणजे येत्या एका गुरुवारी, ‘लोस ह्वेबेस’ म्हणजे दर गुरुवारी. ह्वेबेस हा शब्द दोन्हीकडे अगदी तसाच राहतो. एक बैठक आहे की वर्षभराची मालिका, हे त्या इवल्याशा शब्दावर ठरते.

स्पेनमध्ये कॅलेंडरावर वारांची आद्याक्षरे लिहिताना बुधवारासाठी एक्स हे अक्षर वापरतात, कारण एम हे अक्षर मंगळवाराने आधीच घेतलेले असते. आठवडा सोमवारपासून सुरू होतो. भिंतीवरचे मराठी कॅलेंडर रविवारपासून सुरू होते, तेव्हा नुसत्या जागेवरून वार ओळखायला गेले की एका दिवसाची चूक होते.

तारखेला वाराची साक्ष

महिन्यांची नावे इंग्रजीमुळे कानाला ओळखीची आहेत : एनेरो, फेब्रेरो, मार्सो, आब्रिल, मायो, हून्यो, हूल्यो, आगोस्तो, सेप्त्येम्ब्रे, ओक्तुब्रे, नोब्येम्ब्रे, दिस्येम्ब्रे. तारीख सांगताना आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, अगदी आपल्यासारखे : ‘दोस दे हूल्यो दे दोस मिल बेइन्तिसेइस’, २ जुलै २०२६. वर्ष दोन-दोन आकड्यांचे तुकडे पाडून सांगत नाहीत, सलग संख्या म्हणतात. पहिल्या तारखेला स्पेनमध्ये बहुधा ‘एल ऊनो’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘एल प्रिमेरो’ म्हणतात. पुढच्या सगळ्या तारखा साध्या आकड्यांनी.

फोनवर घसरण होते ती जोड्यांमध्ये. दोन म्हणजे ‘दोस’ आणि बारा म्हणजे ‘दोसे’. तीन म्हणजे ‘त्रेस’ आणि तेरा म्हणजे ‘त्रेसे’. सहा म्हणजे ‘सेइस’ आणि सोळा म्हणजे ‘द्येसिसेइस’, ज्याचा पुढचा भाग कानातून निसटू शकतो. या सगळ्यांवर ताण म्हणजे जून आणि जुलै. ‘हून्यो’ आणि ‘हूल्यो’ यांत फक्त न आणि ल यांचा फरक, तोही शब्दाच्या मध्यात. जूनच्या शेवटी बोलणे चालू असेल तर दोन्ही महिने तितकेच शक्य असतात.

यावर एकच उपाय आहे आणि तो पुरेसा आहे. तारीख कधीही एकटी सांगू नये, सोबत वार सांगावा. याचे कारण साध्या हिशेबात आहे. दोन आणि बारा, तीन आणि तेरा, सहा आणि सोळा यांत दहा दिवसांचे अंतर असते. दहाला साताने भाग जात नाही, म्हणून एकाच महिन्यात या दोन तारखांना एकच वार कधीच येत नाही. जून तीस दिवसांचा असतो आणि तीसलाही साताने भाग जात नाही, म्हणून जूनची आणि जुलैची तीच तारीख कधीच एका वारी पडत नाही. २०२६ मध्ये २ जुलैला गुरुवार आहे. १२ जुलैला रविवार, २ जूनला मंगळवार, १२ जूनला शुक्रवार. त्यामुळे ‘ह्वेबेस, दोस दे हूल्यो’ असे म्हटले की चारपैकी एकच तारीख जुळते. ऐकण्यात कुठे चूक झाली असेल तर वार आणि तारीख यांचे पटत नाही, आणि समोर कॅलेंडर उघडे असेल तर ते लगेच लक्षात येते.

आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी

आता असे एक साम्य, जे इंग्रजीतून जाणाऱ्याला हमखास चकवते आणि मराठी माणसाला मुळीच चकवायला नको. आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तेव्हा खरे तर सात दिवसांनी, त्याच वारी यायचे असते. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे दोन आठवड्यांनी, चौदा दिवसांनी. आजचा दिवस धरून मोजायची ही जुनी रीत आहे आणि स्पॅनिशमध्ये ती तशीच जिवंत आहे. ‘ओचो दियास’, आठ दिवस, म्हणजे एक आठवडा. ‘किन्से दियास’, पंधरा दिवस, म्हणजे दोन आठवडे. मेक्सिकोत ‘दे ओय एन ओचो’ असे ऐकू येते, शब्दशः आजपासून आठात, अर्थ पुढच्या आठवड्यात याच वारी. जो हे इंग्रजीत नेऊन काटेकोर पंधरा दिवस मोजतो, तो एक दिवस उशिरा पोहोचतो.

एक फोन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, १८ जून २०२६, गुरुवार. चाकणच्या एका कारखान्यातले खरेदी अधिकारी माद्रिदच्या पुरवठादाराच्या कार्यालयाला बैठकीसाठी फोन करतात. पलीकडून विचारणा होते : ‘के दिया ले ब्येने ब्येन?’ कोणता दिवस तुम्हाला सोयीचा आहे? यातला ‘ले’ आपल्या ‘तुम्हाला’सारखा आदराचा आहे. अनोळखी माणसाशी कामाचे बोलताना तोच धरून ठेवावा.

अधिकारी म्हणतात : ‘देन्त्रो दे किन्से दियास, एल ह्वेबेस, पोर ला तार्दे.’ पंधरा दिवसांनी, गुरुवारी, दुपारनंतर. १८ जून पहिला दिवस धरला तर पंधरावा दिवस २ जुलैला येतो आणि तो गुरुवारच आहे. हिशेब जुळला. कोणी पंधरा पुरे दिवस पुढे गेला असता तर शुक्रवार, ३ जुलै आला असता, आणि ‘ह्वेबेस’ या शब्दाने तिथेच अडवले असते.

पलीकडून अडचण येते : ‘एन हूल्यो तेनेमोस होर्नादा इन्तेन्सीबा. सालीमोस आ लास त्रेस.’ स्पेनमधल्या बऱ्याच कार्यालयांत उन्हाळ्यात सलग पाळी असते. लोक सकाळी लवकर येतात, मध्ये जेवणाची मोठी सुट्टी घेत नाहीत आणि तीनला घरी जातात. तेव्हा जुलैत दुपारची बैठक मागण्यात अर्थ नसतो, आणि ऑगस्टमध्ये तर कित्येक कंपन्यांत कामच जेमतेम चालू असते. मग तीच व्यक्ती सुचवते : ‘आ लास द्येस मेनोस क्वार्तो?’

इथे अधिकाऱ्यांनी लगेच हो म्हणू नये. आधी हिशेब करावा. उन्हाळ्यात भारत माद्रिदच्या साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे तिथले पावणेदहा हे आपले सव्वाएक. चालण्यासारखे आहे. मग खात्री करावी : ‘न्वेबे क्वारेन्ता ई सिंको, बेर्दाद?’ नऊ पंचेचाळीस, बरोबर ना? होकार आला की सगळे एका दमात परत म्हणावे : ‘एन्तोन्सेस, रेपीतो : ह्वेबेस, दोस दे हूल्यो, आ लास द्येस मेनोस क्वार्तो दे ला मान्याना, ओरा दे माद्रिद.’ तर परत सांगतो : गुरुवार, २ जुलै, सकाळी पावणेदहा, माद्रिदची वेळ. उत्तरात ‘एसो एस’ आले, म्हणजे ‘अगदी बरोबर’, की मग फोन ठेवावा.

‘ओरा दे माद्रिद’ हे शेवटचे तीन शब्द शोभेचे नाहीत. स्पेनची कॅनरी बेटे मुख्य भूमीच्या एक तास मागे आहेत. त्यांच्यासाठी ‘ऊना ओरा मेनोस एन कानार्यास’ ही पुस्ती तिथल्या रेडिओवर वेळेनंतर नेहमी ऐकू येते. दुसरे म्हणजे स्पेनमध्ये घड्याळ वर्षातून दोनदा बदलते, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. वरची बैठक ‘लोस ह्वेबेस’, म्हणजे दर गुरुवारची ठरली असती, तर २२ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ती आपल्याकडे सव्वाएकला झाली असती. २५ ऑक्टोबरला तिथले घड्याळ मागे गेल्यावर, २९ ऑक्टोबरपासून ती सव्वादोनला. माद्रिदमध्ये कोणी काही बदललेले नसते, त्यामुळे तिथून कोणी कळवतही नाही.

पलीकडे मेक्सिको असेल तर

हाच फोन मेक्सिको सिटीला केला तर काही गोष्टी बदलतात. तिथे पावणेदहा हे ‘क्वार्तो पारा लास द्येस’ असतात, दहाला पाव. पाव आधी आणि दहा नंतर, म्हणजे क्रम अगदी आपल्या पावणेदहाचाच. स्पेनमधले ‘मेनोस’ तिथे सगळ्यांना समजते, पण बोलताना सहसा कोणी वापरत नाही. अर्जेंटिनात मात्र ‘मेनोस’च चालतो, तेव्हा लॅटिन अमेरिकेला एकच मापदंड लावून चालत नाही. सकाळी म्हणजे तिथे ‘एन ला मान्याना’ आणि रात्रीचे आठ बिनदिक्कत ‘ओचो दे ला नोचे’.

वेळेचे अंतर साडेअकरा तासांचे. मेक्सिकोच्या बहुतेक भागांत २०२२ मध्ये उन्हाळी घड्याळ बंद झाले, म्हणून हे अंतर आता बारा महिने तेच राहते. तिथल्या सकाळी पावणेदहाला आपले रात्रीचे सव्वानऊ असतात, तारीख तीच. पण तिथल्या रात्री आठला इथे दुसऱ्या दिवशीची सकाळ साडेसात झालेली असते. तिथला ‘ह्वेबेस, दोस’ हा इथला शुक्रवार, ३ तारीख. अशा वेळी दोन्हीकडचे वार तोंडाने उच्चारावेत : ‘ह्वेबेस एन मेहिको, ब्येर्नेस एन ला इंदिया’. बैठक लेखी कळवताना आकड्यांबरोबर दोन्ही वार लिहावेत आणि तारखेत महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे.

सव्वा, साडे, पावणे, एक वाजला, दोन वाजले, आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी, ही सगळी शिदोरी मराठी माणसाकडे आधीपासून आहे. तो वेळ तिने वाचवलाच आहे. तो ‘मेनोस’ शेवटपर्यंत ऐकण्यात, दोस आणि दोसे, हून्यो आणि हूल्यो यांवर कान तयार करण्यात आणि प्रत्येक तारखेसोबत वार म्हणण्याची सवय लावण्यात घालवावा. बैठका चुकतात त्या याच तीन ठिकाणी.